‘छान मांडलंस, सहमत’ला किती गुण? ऑनलाइन चर्चेतल्या नोंदी तपासताना

प्रश्न: मी यावल तालुक्यातल्या एका महाविद्यालयात तृतीय वर्ष कलाला भूगोल शिकवतो. अंतर्गत गुणांपैकी १० गुण मूडलवरच्या चर्चेला ठेवले आहेत. वर्गात ६० मुलं आहेत. एक नोंद आणि दोन प्रतिसाद लिहा असं सांगितलं, तर नोंदी गूगलवरून उचललेल्या येतात आणि प्रतिसाद ‘छान, सहमत’ एवढेच. आशय, सहाध्यायांना दिलेला प्रतिसाद आणि पुरावा या तिन्हींवर न्याय्य गुण कसे द्यायचे, तेही हाताशी दोन दिवस असताना?

उत्तर:

आशयाला ४, प्रतिसादाला ३ आणि पुराव्याला ३ अशी दहाची वाटणी ठेवा. शब्दसंख्येला आणि नोंदींच्या संख्येला एकही गुण ठेवू नका. ‘एक नोंद, दोन प्रतिसाद’ ही भाग घेण्याची अट राहू द्या. मुलं ज्याचे गुण मिळतात तेच लिहितात. दोन प्रतिसादांचे दोन गुण ठरले की दोन ओळी टाकून मुलगा मोकळा होतो, आणि दिलेल्या नियमाने त्याचं काही चुकत नाही.

निकषांची नावं लिहिणं सोपं असतं. घोटाळा होतो तो त्याखालच्या पायऱ्यांत. बहुतेक रुब्रिकमध्ये, म्हणजे गुणदानाच्या तक्त्यांत, ‘उत्तम’, ‘चांगला’, ‘समाधानकारक’ अशी विशेषणं असतात आणि एकाचा ‘चांगला’ दुसऱ्याचा ‘समाधानकारक’ ठरतो. म्हणून पायरीत विशेषण घालू नका. नोंदीत डोळ्यांना काय दिसायला हवं ते लिहा. तुमच्या भागातलाच एक प्रश्न घेऊन हे दाखवतो.

आधी प्रश्नाबद्दल, कारण प्रतिसाद पोकळ येण्याचं निम्मं मूळ तिथेच असतं. ‘ठिबक सिंचनाचे फायदे लिहा’ असं विचारलं तर साठ जण तीच यादी लिहिणार. एकाच्या यादीला दुसरा काय उत्तर देणार? ‘छान’ म्हणण्यापलीकडे त्याच्या हाती काही नसतं. त्याऐवजी असं विचारा: ‘रावेर-यावल पट्ट्यातल्या सगळ्या केळीबागा ठिबकावर गेल्या, तर विहिरींची पातळी वाढेल का? कोणत्या अटीवर?’ इथे दोन जाणकार माणसंही वेगळी उत्तरं देऊ शकतात, मुलांकडे घरचा अनुभव आहे, आणि शेवटचे दोन शब्द प्रत्येकाला आपलं विधान आवळायला लावतात. गॅरिसन, अँडरसन आणि आर्चर या कॅनडातल्या अभ्यासकांनी २००१ मध्ये ऑनलाइन चर्चेच्या चार अवस्था मांडल्या: प्रश्न पडणे, चाचपणी, जुळणी आणि निष्कर्ष. बहुसंख्य चर्चा दुसऱ्या अवस्थेतच, म्हणजे जो तो आपापलं सांगतोय तिथेच, थांबतात असं तेव्हापासून वारंवार दिसलं आहे. पुढे जायला भाग पाडणारा प्रश्न नसेल, तर गुणांच्या धाकाने ती पुढे सरकत नाही.

आता आशयाचे चार गुण.

प्रश्नावर कुठलं विधानच नसेल तर ०. विधान आहे, पण केळीच्या जागी ऊस आणि यावलच्या जागी दुसरा कुठलाही तालुका घातला तरी ते जसंच्या तसं चालतं, तर १. ‘पाणी जपून वापरणं ही काळाची गरज आहे’ हे वाक्य भूगोल, नागरिकशास्त्र आणि पर्यावरण या तिन्ही वर्गांत चालतं, म्हणून त्याला इथे एकाच्या वर जाता येत नाही. प्रश्नाला नेमकं उत्तर आहे, पण कारण दिलेलं नाही किंवा कारणाचा दुवा मध्येच तुटतो, तर २. कारणाची साखळी आहे, म्हणजे काय बदललं की काय बदलतं हे पायरीपायरीने सांगितलं आहे, तर ३. साखळी आहे आणि ती कुठे लागू पडत नाही हेही सांगितलं आहे, तर ४.

या प्रश्नात साखळी कशी दिसेल? एक साखळी क्षेत्राची: ठिबकाने एकरी पाणी कमी लागतं, उरलेल्या पाण्यावर शेतकरी आणखी अर्धा-एक एकर केळी लावतो, आणि विहिरीतून उपसा होता तेवढाच राहतो. दुसरी साखळी पाझराची: सातपुड्याच्या पायथ्याला जाडाभरडा, पाणी झिरपणारा गाळाचा थर आहे. मोकळं पाणी दिल्यावर त्यातलं काही खाली मुरून त्याच भूजलाला परत मिळतं. म्हणजे ठिबकाने शेतात ‘वाचलेलं’ सगळंच पाणी पट्ट्याच्या हिशेबात वाचलेलं नसतं. तिसरी साखळी उलट बाजूची: लागवडीचं क्षेत्र तेवढंच राहिलं, तर उपसा खरोखर कमी होतो आणि बाष्पीभवनात जाणारं पाणीही घटतं. मुलाने यातली कुठलीही एक नीट उलगडली तरी ३ गुण झाले. तीनही नुसत्या उल्लेखून सोडल्या असतील तर २. इथे बरेच शिक्षक फसतात, कारण जास्त मुद्दे असलेली नोंद अभ्यासपूर्ण वाटते. मुद्दे मोजू नका, एक मुद्दा किती खोल गेला ते पाहा.

चुकीच्या उत्तराचं काय करायचं? साखळी पूर्ण आहे पण एक दुवा चुकला आहे, अशा नोंदीला २ द्या आणि दुवा दाखवा. ज्या चुकीला बोट लावता येतं, ती गुळमुळीत बरोबर उत्तरापेक्षा चर्चेला जास्त उपयोगी असते. निदान कुणीतरी तिच्यावर प्रतिसाद लिहू शकतो.

पुराव्याच्या निकषावर जरा थांबावं लागेल, कारण तिथे मुलांवर सर्वांत जास्त अन्याय होतो. पुरावा म्हणजे लिंक अशी समजूत मुलांचीही असते आणि आपलीही. पुराव्याला तीन अंगं असतात आणि तीन गुण त्यांनाच द्यायचे: हे कुठून घेतलं, त्यात नेमकं काय आहे, आणि त्यावरून माझं विधान का सिद्ध होतं. पहिलं असेल तर १, पहिली दोन असतील तर २, तिन्ही असतील तर ३. तिसरं अंग नोंदींत क्वचित दिसतं. मुलगा आकडा ठेवतो, खाली ‘यावरून सिद्ध होते की’ असं लिहितो आणि उडी मारतो. गुण त्या उडीच्या जागी काय लिहिलंय त्याला आहेत.

घरच्या शेतीचा अनुभव पुरावा धरायचा का? धरायचाच, आणि पूर्ण सन्मानाने. तुमच्या वर्गात केळी, कापूस, हरभरा करणाऱ्या घरांतली मुलं असणार. त्यांच्याकडची माहिती कुठल्याही संकेतस्थळावर नाही. पण तिला तीच तीन अंगं लावा. ‘आमच्याकडे ठिबक केल्यावर पाणी वाचलं’ याला ०, कारण कुठे, केव्हा, किती यातलं काहीच नाही. गाव, साल, एकर, विहीर किती फूट खोल आणि मोटर किती तास चालते हे सांगितलं की २. आणि ‘हे एका विहिरीचं आहे, शेजारच्यांनीही क्षेत्र वाढवलं का ते मला माहीत नाही’ अशी मर्यादा लिहून तेवढंच विधान केलं की ३. एका शेताच्या अनुभवावरून पूर्ण पट्ट्याबद्दल बोलणं ही या प्रकारातली नेहमीची उडी आहे.

सरकारी आकड्यांतही एक खड्डा आहे. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते: ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे. मुलाला एक मे महिन्याचा आकडा सापडतो, एक ऑक्टोबरचा सापडतो, आणि ‘ठिबक आल्यावर पाणी वर आलं’ असं तो लिहून टाकतो. ते पाणी पावसाळ्याने वर आणलेलं असतं. तुलना करायची तर त्याच विहिरीच्या, त्याच महिन्याच्या, वेगवेगळ्या वर्षांच्या पातळ्यांची करायला हवी, आणि त्या वर्षांचा पाऊसही शेजारी ठेवायला हवा. स्रोत अस्सल, आकडा अस्सल, तरी तिसरं अंग कोसळलेलं. अशा नोंदीला २ द्या. ३ देऊ नका, आणि रागावून ० तर मुळीच नको.

‘ठिबकाने ४० ते ५० टक्के पाणी वाचतं’ हा तुम्हाला सर्वांत जास्त भेटणारा आकडा असेल. तो दिसला की दोनच गोष्टी पाहा: कशाच्या तुलनेत, आणि कुठल्या पातळीवर. तुलना मोकळ्या पाण्याशी असते आणि बचत शेताच्या बांधाच्या आतली असते. प्रश्न मात्र विहिरीच्या पातळीचा आहे. मुलाने हे अंतर ओलांडण्याचा प्रयत्न केला असेल, मग तो अपुरा असला तरी, तिसरा गुण द्यायला हात आखडू नका.

लिंका तपासायला वेळ कुठून आणायचा? सगळ्या उघडू नका. ज्या एका लिंकवर विधान उभं आहे तेवढीच उघडा. एक मिनिट पुरतं. ती संकेतस्थळाच्या पहिल्या पानावर नेऊन सोडत असेल, पानावर तो आकडाच नसेल, किंवा आकडा दुसऱ्या देशातल्या, दुसऱ्या पिकाचा असेल, तर पहिला गुणही जातो. व्हॉट्सॲपवर आलेला मजकूर हा स्रोत नव्हे; मूळ बातमी किंवा पत्रक शोधून आणलं तर ते चालेल. उचललेला परिच्छेद बहुधा भाषेवरून कळतो: आधी ‘आमच्याकडं’ असं लिहिणारा मुलगा अचानक ‘सदर प्रणालीद्वारे’ वर जातो. ते वाक्य अवतरण चिन्हांत टाकून शोधलं की मूळ पान निघतं. स्रोत न देता उचललं असेल तर त्या भागाला ना आशयाचे गुण ना पुराव्याचे. स्रोत देऊन उचललं असेल तर पुराव्याचा १ मिळेल, पण आशय फक्त त्याच्या स्वतःच्या वाक्यांवर तपासा. हा नियम चर्चा सुरू होण्याआधी मुलांना सांगा, नंतर सांगण्यात अर्थ नाही.

प्रतिसादाचे तीन गुण द्यायला एक साधी कसोटी पुरते. मूळ नोंद बोटाने झाका आणि फक्त प्रतिसाद वाचा. तो कुठल्याही नोंदीखाली चालला असता, तर ०. ‘खूप सुंदर विचार, अभिनंदन’ इथेच संपतं. मूळ नोंदीतला मुद्दा ओळखून त्याचं नाव घेतलं आहे, पण तोच परत सांगितला आहे, तर १. त्या मुद्द्यात नवीन काही घातलं आहे, म्हणजे एखादं उदाहरण, उलट दाखला किंवा नेमका प्रश्न, तर २. आणि प्रतिसाद वाचल्यावर मूळ विधान आता जसंच्या तसं ठेवता येणार नाही, त्याला अट घालावी लागेल, दुरुस्ती करावी लागेल, किंवा ते दुसऱ्या कुणाच्या नोंदीशी जोडावं लागेल, असं झालं तर ३.

यात विरोध करणं सक्तीचं नाही हे मुलांना मोकळेपणाने सांगा. एकाच गावातून, एकाच एसटीने येणारी मुलं एकमेकांना ‘तुझं चूक आहे’ असं लिहून दाखवत नाहीत, आणि रुब्रिकमध्ये ‘असहमती’ हा शब्द आला की ती एकतर गप्प बसतात किंवा खोटं भांडण लिहितात. अट विचारणं, आकडा दुरुस्त करणं, दोन नोंदी जोडणं, यांतून तेच काम मैत्री न मोडता होतं. ‘तुझा क्षेत्राचा मुद्दा पटला, पण ज्याच्याकडे लावायला जास्त जमीनच नाही त्याच्या विहिरीचं काय?’ हा पूर्ण तीन गुणांचा प्रतिसाद आहे आणि त्यात कुणी दुखावलं जात नाही.

आणखी दोन नियम इथे लावा. आपल्या नोंदीवर आलेल्या आक्षेपाला दिलेलं उत्तर हाही प्रतिसादच धरा. परत येऊन आपलं विधान बदलणारा मुलगा चर्चेतलं सर्वांत अवघड काम करत असतो. आणि दोन प्रतिसादांपैकी एक तरी, ज्या नोंदीला अजून कुणी उत्तर दिलेलं नाही तिला द्यायचा. नाहीतर सगळे प्रतिसाद पहिल्या दोन-तीन नोंदींवर साचतात. ज्याला प्रतिसाद मिळाले नाहीत त्याचे गुण मात्र कधीही कापू नका. गुण दिलेल्या प्रतिसादाचे आहेत, मिळालेल्याचे नाहीत.

अनेक प्रतिसादांतून गुण कसा काढायचा? सर्वांत चांगला एक धरा. बेरीज केली की संख्या वाढते. सरासरी काढली की उत्साहाने तिसरा, थोडा कच्चा प्रतिसाद लिहिणाऱ्याचा गुण खाली येतो, आणि पुढच्या वेळी तो लिहायचं थांबवतो. मूडलमध्ये प्रत्येक नोंदीला स्वतंत्र गुण देण्याची `Ratings` ही सोय वापरत असाल तर `Aggregate type` मध्ये काय निवडलं आहे ते आजच पाहा. तिथे `Count of ratings` असेल तर तुम्ही किती नोंदींना गुण दिलेत एवढंच मोजलं जातं, दर्जा हिशेबात येतच नाही. त्यापेक्षा चर्चेच्या सेटिंगमधलं `Whole forum grading` वापरा आणि गुणदानाची पद्धत `Rubric` ठेवा. त्यात एका विद्यार्थ्याच्या सगळ्या नोंदी एकत्र दिसतात आणि वरच्या पायऱ्या तशाच भरता येतात. मूडल ३.८ पासून ही सोय आहे.

आता चार मुलांचे गुण करून बघू. या नोंदी नमुन्यासाठी रचलेल्या आहेत, पण वळण ओळखीचं वाटेल.

‘क’ची नोंद दोनशे शब्दांची, एकही शुद्धलेखनाची चूक नाही. ‘पाणी हे जीवन आहे. आज जगभरात पाणीटंचाई भेडसावत आहे. ठिबक सिंचन हे वरदान असून प्रत्येक शेतकऱ्याने त्याचा अवलंब करावा’ अशी सुरुवात, मध्ये फायद्यांची यादी, शेवटी शेतीविषयक एका संकेतस्थळाच्या लेखाची लिंक. त्या लेखात ठिबकाची माहिती आहे, पण त्यातलं नेमकं काय घेतलं ते ‘क’ने सांगितलेलं नाही. दोन्ही प्रतिसाद ‘सहमत’. आशय १, पुरावा १, प्रतिसाद ०. एकूण २. सवयीने वाचलं तर इथे सहा-सात गुण सहज जातात, कारण नोंद नीटनेटकी आहे. प्रश्न विहिरीच्या पातळीचा होता आणि नोंदीत विहीर कुठेच नाही.

‘ख’ची नोंद सहा-सात ओळींची, मोबाईलवर घाईत लिहिलेली. ‘आमची विहीर तीच, मोटर तीच. २०२० ला ठिबक केलं. आधी २ एकर केळी होती आता ३ एकर आहे. मोटर आधीएवढीच चालते, रोज ६ तास. म्हणून पातळी वाढेल असं नाही वाटत, क्षेत्र तेवढंच ठेवलं तरच वाढेल.’ साखळी पूर्ण आहे आणि अटही आहे, म्हणून आशय ४. अनुभव नेमका आहे, पण एका शेतावरून सगळ्यांबद्दल बोलणं झालं, म्हणून पुरावा २. प्रतिसाद थोडा थांबवू.

‘ग’ने आधी लिहिलं होतं की ठिबकाने ५० टक्के पाणी वाचतं म्हणून पातळी वाढेल, सोबत लिंक, आकडा पानावर सापडतो. उत्तर नेमकं आहे, पण शेतातून विहिरीपर्यंतचा दुवा नाही: आशय २, पुरावा २. मग ‘ग’ने ‘ख’ला प्रतिसाद दिला: ‘तू मोटरचे तास सांगितलेस. पण पाणी तेवढंच निघतं का? विहीर खाली गेली असेल तर त्याच ६ तासांत पाणी कमी येईल. मग उपसा तेवढाच आहे असं कसं म्हणता येईल?’ हा मुद्दा भौतिकदृष्ट्या बरोबर आहे. पाणी जितकं खोलातून उचलायचं तितका त्याच पंपाचा विसर्ग घटतो. ‘ख’चं विधान आता तसंच ठेवता येत नाही. प्रतिसाद ३, एकूण ७. स्वतःची नोंद मध्यम असलेल्या मुलीने चर्चा सर्वांत पुढे नेली, आणि म्हणूनच प्रतिसादाचे गुण वेगळे ठेवायचे असतात.

‘ख’ परत आला: ‘हे लक्षात नव्हतं. २०० लिटरचा ड्रम किती सेकंदात भरतो ते बघितलं तर कळेल. काल ४० सेकंद लागले. आधीचं मोजलेलं नाही, म्हणून मी फक्त तास सारखे आहेत एवढंच म्हणू शकतो.’ ४० सेकंदांत २०० लिटर म्हणजे तासाला १८,००० लिटर. जुना आकडा नसल्याने तुलना होत नाही हे त्याने स्वतःच ओळखलं आणि विधान आवळलं. प्रतिसाद ३. आणि या दुरुस्तीने पुराव्याचं तिसरं अंगही आलं, म्हणून तिथे २ चे ३ करा. एकूण १०. हीच नोंद पहिल्या दिवशी तपासून बंद केली असती तर हे गुण दिसलेच नसते. तपासणी चर्चा संपल्यावरच सुरू करायची ती यासाठी.

‘घ’ने निरीक्षण विहिरीची पातळी दिली, मे महिन्यात १८ मीटर खोल, ऑक्टोबरमध्ये ९ मीटर, आणि श्रेय ठिबकाला दिलं. आशय २, पुरावा २. प्रतिसादात ‘ख’चाच मुद्दा आपल्या शब्दांत सांगितला, म्हणून १. एकूण ५. अभिप्राय एकाच ओळीचा: ‘पुढच्या वर्षीचा मे महिना घे आणि दोन्ही वर्षांचा पाऊस शेजारी लिही.’

शुद्धलेखनाचे, रोमन अक्षरांत लिहिलेल्या मराठीचे, लेवा बोलीचे किंवा अहिराणीचे गुण कापू नका. तो निकष तुम्ही ठेवलेलाच नाही, आणि तो नकळत आत शिरला की ‘क’ वर जातो आणि ‘ख’ खाली येतो.

वेळेचा हिशेब असा. एका मुलाला सरासरी ४ मिनिटं धरली तर साठ मुलांना ४ तास. दोन बैठका पुरतात, पण क्रम पाळावा लागतो. आधी सहा मुलांच्या नोंदी निवडा, एका सहकाऱ्यासोबत स्वतंत्रपणे तपासा आणि मग मिळवून पाहा. एखाद्या निकषावर एका गुणाचा फरक चालतो. दोन गुणांचा फरक आला तर गुणांची तडजोड करू नका. पायरीचं कुठलं वाक्य दोघांनी वेगळं वाचलं ते शोधा आणि वाक्य दुरुस्त करा. मग सगळ्यांचा आशय आणि पुरावा आधी तपासा, प्रतिसाद नंतर वेगळ्या बैठकीत. आशयात ४ मिळालेल्या मुलाचा प्रतिसादही आपल्याला आपोआप बरा वाटू लागतो. दोन्हींत अंतर ठेवलं की ते कमी होतं. प्रतिसाद मात्र चर्चेच्या क्रमानेच वाचा, तुटक वाचले तर कुणी कुणाला उत्तर दिलं ते कळत नाही. शेवटी सुरुवातीच्या सहा नोंदी परत काढा. दमल्यावर हात सैल किंवा कडक झाला असेल तर इथे पकडला जातो.

साठ जणांची एकच चर्चा ठेवू नका, इतक्या नोंदी कुणी वाचत नाही. दहा-दहाचे सहा गट करा. चर्चेचा प्रकार `Q and A forum` ठेवा. त्यात स्वतःची नोंद टाकल्याशिवाय इतरांच्या दिसत नाहीत, आणि टाकल्यावरही दुरुस्तीची मुदत संपेपर्यंत थांबावं लागतं. ती मुदत मूळ सेटिंगमध्ये ३० मिनिटं असते. मुलं ‘सर, काही दिसत नाही’ असे फोन करतील, म्हणून हे आधीच सांगून ठेवा. गट वेगळे ठेवले असतील तर प्रश्न टाकताना `Post a copy to all groups` वर खूण करा. सर्वांसाठी म्हणून एकच प्रश्न टाकला तर गटातल्या मुलांना त्याला उत्तर देता येत नाही. नोंदीची मुदत बुधवार रात्र आणि प्रतिसादांची रविवार रात्र अशी वेगळी ठेवा; दोन्ही एकाच रात्री संपल्या तर उत्तराला उत्तर देणारा ‘ख’ तयारच होत नाही.

सत्रात तीन चर्चा घ्या आणि दोन चांगल्या धरा. पहिल्या चर्चेआधी वरच्यासारख्या चार नमुना नोंदी वर्गात वाटा आणि मुलांनाच गुण द्यायला लावा. ती ‘क’ला सात-आठ देतील. मग मूळ नोंद झाकून प्रतिसाद वाचायला सांगा, आणि यावलच्या जागी दुसरा तालुका घालून ‘क’ची नोंद वाचायला सांगा. एका तासाचं काम आहे.

गुणांवर तक्रार घेऊन कुणी आलं तर त्याच्यासमोर रुब्रिक ठेवा आणि एकच विचारा: तुझ्या नोंदीतलं कुठलं वाक्य वरच्या पायरीत बसतं ते दाखव. वाक्य सापडलं तर गुण तिथल्या तिथे वाढवा आणि त्याच पायरीवर अडकलेल्या बाकीच्या नोंदीही परत काढून पाहा. सापडलं नाही तर कुठलं वाक्य कमी आहे ते त्याला स्वतःच दिसतं, आणि पुढची चर्चा सुरू होईपर्यंत ते त्याच्या वहीत लिहून ठेवायला सांगा.